अर्जासोबतच्या चार ओळी

धुळ्यात बस स्टँडामागच्या गल्लीत अभिमन पाटलाचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्या दुकानात जायचं म्हणजे जन्मपत्रिका उघडून द्यायची तयारी ठेवावी लागते. तुम्ही आधार कार्डाची झेरॉक्स मागा. हा माणूस मशीनवर कागद ठेवता ठेवता विचारणार, कशासाठी हवी, कोणत्या गावचे, तुमच्या गावचा तो डॉक्टर अजून आहे का. चौकशी करायची म्हणून नाही हो, त्याला खरंच ऐकायचं असतं. कुणी चिडलं तर तेवढ्याच उत्साहाने विचारतो, भाऊ, चिडलात का? बायको म्हणते, या माणसाला देवाने कान दिले आणि मग हात आखडता घ्यायला विसरला.

पण इतका चौकस माणूस एका बाबतीत मात्र पक्का आळशी होता. दुकानात नोकरीचे अर्ज ईमेलने पाठवून मिळतात. त्यासाठी त्याने एक मजकूर करून ठेवला होता. 'आदरणीय महोदय, मी अमुक अमुक, माझं शिक्षण इतकं, अनुभव तितका, मी कष्टाळू व प्रामाणिक असून सोबत बायोडाटा जोडला आहे, कृपया विचार व्हावा.' नाव बदलायचं, शिक्षण बदलायचं, बायोडाटातलंच वर उतरवायचं आणि दुकानाच्याच ईमेलवरून धाडून द्यायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. गिऱ्हाइकाला बरं वाटे, की आपलं पत्र किती सुंदर लिहिलंय. अभिमनलाही वाटे. त्या पत्रांना उत्तरं का येत नाहीत, हा प्रश्न मात्र जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला कधी पडला नाही.

तो पाडला जळगावच्या सायरबाईंनी.

जळगावात पाड्यांवरच्या आणि खेड्यांतल्या मुलींसाठी एक वसतिगृह आहे. सायरबाई त्याच्या सचिव. व्यापारी घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरचा सरळ बसतो. त्यांना अधीक्षिका हवी होती. जाहिरात मोबाइलवरच्या गटांतून फिरत धुळ्यात आली आणि अभिमनच्या दुकानातून बायांचे भराभर अर्ज गेले. दोन दिवसांनी दुकानाचा फोन वाजला.

"तुमच्या एकाच पत्त्यावरून अर्जांचा ढीग आलाय," सायरबाई म्हणाल्या. "सगळ्या बाया कष्टाळू आणि प्रामाणिक. सगळ्यांचं वाक्यन् वाक्य सारखं. पत्र उघडलं की बायोडाटा, बायोडाटा उघडला की पुन्हा तोच. यातली माणसं कुठे आहेत हो? मी उत्तर कुणाला पाठवू, तुम्हाला?"

अभिमनने चालू मशीन बंद केलं. असं क्वचितच होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबते. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून पाठवावं. आणि बायोडाटात नाही ते चार ओळींत लिहावं. जास्त नको, मला चष्मा आहे."

त्याने सगळ्यांना फोन केले. बहुतेकींनी सांगितलं, भाऊ, तूच काहीतरी बदल आणि पाठव. एकट्या मंजुळाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या.

मंजुळाबाई अहिरराव मूळच्या पिंपळनेरच्या. चाळिशी ओलांडलेल्या. नवरा गेला, दिरांनी घर विकलं, आणि बाई धुळ्यात भावाकडे येऊन राहिल्या. भाऊ चांगला, भावजयही वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरात फोडणीला तेल किती घालायचं हेही विचारून घालावं लागतं, आणि ते बाईंना आता सोसवत नव्हतं. अधीक्षिकेला वसतिगृहातच राहायला खोली मिळणार होती. स्वतःची खोली, स्वतःचा पगार. ही जागा गेली तर पुढे काय, याला बाईंकडे उत्तर नव्हतं, आणि हे त्यांनी अभिमनला पहिल्या चहातच सांगून टाकलं. त्याने विचारलंच होतं म्हणा.

"स्वतःचा ईमेल आहे का, अक्का?"

"फोन घेतला तवय दुकानवाल्यानी काहीतरी करेल शे. मी कधी उघडं नई."

तो उघडण्यातच तासभर गेला. पासवर्ड आठवेना. मग फोनवर आकडा आला, तो टाकला, नवा पासवर्ड केला आणि बाईंनी तो तोंडपाठ केला. मग अभिमनने बायोडाटा समोर घेतला. डी. एड., लग्नाआधी दोन वर्षं बालवाडी. त्यानंतर कागद कोरा तो कोराच.

"ही चौदा वर्षं काय केलंत?"

"काय करनार? संसार."

"संसार सगळेच करतात. घरात कोण कोण होतं?"

बघा, इथे त्याचा स्वभाव कामाला आला. झेरॉक्सला आलेल्या माणसाला विचारायचा तसंच त्याने विचारलं, आणि बाई बोलू लागल्या. घरात दोन खोल्या जादा होत्या. पाड्यांवरच्या मुली शाळेसाठी पिंपळनेरला येत, तर आईबाप या खोल्यांत ठेवून जात. भाडं जेमतेम. कुणाला ताप आला तर मंजुळाबाई, कुणाची पाळी सुरू झाली तर मंजुळाबाई, पालक-सभेलाही मंजुळाबाईच.

अभिमनने हात कपाळाला लावला. "अहो अक्का, हे बायोडाटात का नाही?"

"ते का नोकरी व्हती? पगार कुठे व्हता?" मग बाई शाळेतल्यासारखं नीट म्हणाल्या, "बायोडाटात नोकरी लिहायची असते, भाऊ. मला खोटं लिहायचं नाही."

"बायोडाटात नका लिहू. त्याच्याबरोबरच्या पत्रात लिहा. सायरबाईंनी तेच मागितलंय."

आता त्याला मोह झालाच. त्याने टाइप करायला घेतलं, 'मी चौदा वर्षं अनेक विद्यार्थिनींचा यशस्वीपणे सांभाळ केला असून...' बाई वाचत होत्या. "यशस्वीपणे काढा," त्या म्हणाल्या.

"का?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. अभिमनने हात थांबवले. त्याला जाहिरातीतली एक ओळ आठवली, त्याने ती मोबाइलवर काढून पुन्हा वाचली. सुट्ट्यांनंतर मुलींना परत आणण्याची जबाबदारी अधीक्षिकेची राहील. "हे असं वेगळं का लिहिलंय त्यांनी?" तो म्हणाला. "मुली परत येत नाहीत का?"

"नई येतीस," बाई म्हणाल्या. "होळीले जातीस ना, मंग घरनं काम ऱ्हास, लगीन ऱ्हास." आणि मग हळूच, "मन्ही जिजा नई उनी."

जिजा नववीत होती. गणितात हुशार. होळीला घरी गेली आणि आलीच नाही. बाईंनी निरोप धाडला, उत्तर नाही. पुन्हा धाडला. घरात सासूचं दुखणं होतं, बाई स्वतः काही गेल्या नाहीत. महिन्याने कळलं की तिचं लग्न झालं. त्यानंतर मात्र सुट्टी लागायच्या आधी आईबापाला बोलवायचं, परत यायचा दिवस त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा, आणि त्या दिवशी मुलगी आली नाही की दुसऱ्या सकाळी एस.टी. धरायची, असं बाईंनी ठरवलं. त्यानंतर एकही मुलगी मागे राहिली नाही.

"हे शेवटचं लिहू," अभिमन म्हणाला. "जिजाचं नको. नोकरी मागताना आपली चूक कोण सांगतं?"

"मंग बाकीनं कसं खरं वाटी?"

त्यावर अभिमनने टाइप केलेलं सगळं खोडलं. तो खुर्चीवरून उठला आणि बाईंना बसवलं. "तुम्हीच लिहा अक्का. मी फक्त बटणं दाखवतो."

बाईंनी एका बोटाने लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. झेरॉक्सची गिऱ्हाइकं खोळंबली, दोघं निघून गेली. दुपारी मजकूर झाला तो असा:

विषय: वसतिगृह अधीक्षिका पदासाठी अर्ज – मंजुळाबाई अहिरराव

'आदरणीय सायरबाई, सुट्टीनंतर मुलींना परत आणणं हे आपण कामात धरलं आहे, म्हणून लिहिते. माझ्या बायोडाटात जी वर्षं रिकामी आहेत, त्यांत पिंपळनेरला आमच्या घरी पाड्यांवरच्या मुली शिकायला राहत. एक मुलगी होळीनंतर परत आली नाही. मी निरोप पाठवले, स्वतः गेले नाही, तिचं लग्न झालं. पुढे दर सुट्टीआधी आईबापांशी दिवस ठरवत गेले आणि मुलगी न आल्यास दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. मग कुणी राहिली नाही. त्या मुलींचे व पालकांचे फोन नंबर मागितल्यास देईन. बायोडाटा जोडला आहे. भेटायला केव्हाही येईन.' खाली नाव आणि मोबाइल नंबर.

अभिमनने आधी ते बाईंच्याच पत्त्यावर पाठवून बघितलं. बरं झालं, कारण गडबडीत बायोडाटा जोडायचाच राहिला होता. तो जोडला, फाइलला बाईंचं नाव दिलं, आणि मग पाठवलं. बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं, बाईंच्या फोनवर. 'सोमवारी या.' एवढंच.

सोमवारी काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं. सायरबाईंनी बायोडाटा बाजूला ठेवला. म्हणाल्या, पदवी असलेल्या बाया पुष्कळ आल्यात, तुमच्याकडे पदवी नाही. मग त्यांनी पिंपळनेरचे दोन नंबर मागून घेतले, तिथल्या तिथे फोन लावले, आणि एका मुलीच्या बापाशी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर विचारलं, ती परत न आलेली मुलगी आता कुठे असते? बाई म्हणाल्या, साक्रीजवळ, दोन मुलं आहेत, भेटले की रडू येतं मला. सायरबाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, आमच्या तीन मुली गेल्या होळीला घरीच राहिल्या. आम्हीही निरोपच पाठवले होते.

जागा मिळाली, पण होळी पार पडेपर्यंत कच्ची. मग बघू, म्हणाल्या सायरबाई.

होळी झाली, सुट्टी संपली. अभिमनला चैन पडेना. फोन करावा की नाही, असं दोन दिवस चाललं. बायको म्हणाली, इतकं तर स्वतःच्या निकालाला घाबरला नव्हतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाबाई दुकानासमोर उभ्या. पायांवर धूळ, आवाज बसलेला, आणि शेजारी एक किडकिडीत मुलगी, दप्तर छातीशी धरून.

"बठ्ठ्या उन्यात, एकूण एक पोरी," बाई म्हणाल्या. "ही रमिला तेवढी ऱ्हायनी व्हती. जळगावची गाडी अजून लागायची शे."

अभिमन खुर्चीवरून उठला. त्याने खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला, बिस्किटं आणली, आणि विचारायचं म्हटलं तर पोटात हजार प्रश्न होते. का राहिली, कुणी अडवलं, बाईंनी तिला कसं आणलं. बाईंनी त्याच्याकडे बघून बारीकशी मान हलवली. त्याने सगळे प्रश्न गिळले.

बाई तोंड धुवायला आत गेल्या. रमिलाने बिस्किट चहात बुडवलं आणि अभिमनकडे निरखून पाहिलं.

"बाई सांगत होत्या, त्यांचा अर्ज इथूनच गेला. तो तुम्ही लिहिला का?"

"नाही गं पोरी. त्यांनीच लिहिला."

"मग मला घ्यायला कोण आलं असतं, त्यांनी लिहिला नसता तर?"

अभिमनने बिस्किटाचा पुडा तिच्याकडे सरकवला आणि गाडी लागली का ते बघायला स्टँडकडे गेला.