गयेहून परतलेली रेघ

काशीच्या अहिल्याबाई घाटावरून आंघोळ करून आले की रत्नाकरकाका ओल्या केसांनीच दूधविनायक मोहल्ल्यातल्या घराच्या पायरीवर बसत आणि चहा येईपर्यंत फोनवर गाड्या बघत. हिरवा ठिपका म्हणजे गाडी चालतेय, लाल म्हणजे उभी आहे, राखाडी म्हणजे गाडीतलं यंत्र गप्प आहे. राखाडी दिसला की लगेच मालकाला फोन. "गाडी बोलत नाहीये. जरा बघा."

घराण्यात भिक्षुकी होती. ती धाकट्या भावाकडे सोपवून काकांनी गाड्यांत ट्रॅकर बसवायचं दुकान काढलं होतं. गिऱ्हाईक हमखास विचारी, "घरात जुनं सिम पडलंय, तेच घाला की!" मग काका हसून समजावत. फोनचं सिम गप्पा मारतं, रोज ढीगभर डेटा उधळतं आणि रिचार्ज संपला की झोपून जातं. यंत्राचं सिम निराळं. त्याचा नंबरही तेरा आकडी. त्याच्यावरून कुणाशी गप्पा होत नाहीत, ते फक्त कंपनीच्या सर्व्हरला गाडी कुठे आहे ते कळवतं. एका कंपनीचं नेटवर्क गेलं तर दुसरीचं धरतं, डॅशबोर्डमागच्या धगीत वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याचा वर्षाचा प्लॅन ट्रॅकरची कंपनीच भरते. "थोडंसंच खातं," काका म्हणत, "महिन्याला चार-पाच गाण्यांएवढं. पण त्याला उपास चालत नाही."

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानेच नरहरच्या गाडीत फोनचं सिम घातलं होतं.

नरहर त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना काशी, प्रयाग, गया फिरवायच्या त्याच्या गाड्या होत्या. थंडी सरताना त्याने नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिची पहिली यात्रा निघायची होती. यंत्राची सिमं काकांकडे संपली होती. ती बाजारात अशी मिळत नाहीत. कंपनीकडे गाडीचा आणि यंत्राचा नंबर कळवावा लागतो, मग ती चालू होऊन येतात. काकांनी घरातलं एक जादा सिम घातलं, त्यावर तीनेक महिन्यांचा रिचार्ज मारला आणि मनाशी म्हटलं, दोन दिवसांत बदलू. मग लग्नसराई आली, दुसऱ्या गाड्या आल्या. रिचार्ज संपत आल्याचे निरोप फोनकंपनी पाठवत राहिली, पण ते जात होते त्या सिमवरच, डॅशबोर्डच्या आतल्या अंधारात. तिथे वाचणारं कुणी नव्हतं.

मे महिन्यात रामजनम नावाचा ड्रायव्हर ती गाडी घेऊन गयेला गेला. यात्रेकरू तिथून रेल्वेने पुढे जाणार होते, त्याला रिकामी गाडी घेऊन परत यायचं होतं. त्या सकाळी पायरीवर बसलेल्या काकांना गयेत एक राखाडी ठिपका दिसला. त्यांनी नरहरला फोन केला.

"तुझी गाडी गप्प झालीय रे. ड्रायव्हरने तार तर नाही ना ओढली?"

बोलायच्या ओघात निघून गेलेलं वाक्य. रिकाम्या परतीत ट्रॅकरची तार ओढायची आणि परस्पर भाडं मारायचं, असे प्रकार या धंद्यात होतात. नरहरच्या मनात ते वाक्य रुतून बसलं.

संध्याकाळी बनारस कँट स्टेशनजवळच्या गाडीतळावर काका अवजारं घेऊन पोचले तेव्हा तिथे ड्रायव्हरांचा घोळका जमला होता.

"दिनभर गाड़ी गया में ही अटकी दिखा रही है," नरहर ओरडत होता, "और तुम कहते हो सोन के पुल पर थे?"

"जाम था मालिक. डेहरी में घंटों सड़े हैं."

"सवारी भी वहीं सड़ी होगी!"

घोळका हसला. रामजनम हसला नाही.

काकांनी डॅशबोर्डचं झाकण उघडलं. तार जिथल्या तिथे होती. ती ओढली असती तर यंत्राने आपल्या छोट्या बॅटरीवर लगेच तसा निरोप धाडला असता; निदान सिम जागं असतं तर धाडला असता. काकांनी सिम बाहेर काढलं. धगीने कडेला किंचित वाकलेलं, आपल्याच हाताने घातलेलं. रिचार्ज आदल्या रात्री संपला होता.

"काय रे रत्ना? ओढलीय ना तार?"

"यंत्रच बिघडलंय," काका म्हणाले. "नवीन बसवतो."

"बिघडलंय की बिघडवलंय?"

काकांनी मान खाली घालून स्क्रू आवळला. रामजनमने गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो निघून गेला. तो दिसेनासा झाला तरी काकांच्या हातातली टॉर्च चालूच होती.

जुनं यंत्र त्यांनी खिशातून घरी आणलं. त्यात काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निरोप धाडता येत नसला तरी यंत्र जागा टिपत राहतं, साठवून ठेवतं आणि वाट मिळाली की सगळं ओततं. नुसतं सिम बदललं असतं तर गाडीची सगळी वाट तिथेच नरहरला दिसली असती आणि चूक काकांची ठरली असती, म्हणूनच त्यांनी अख्खं यंत्र बदललं होतं. ही गोष्ट मनात नीट शब्दांत आली तेव्हा त्यांना जेवण जाईना.

काही दिवसांनी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्यांनी ते यंत्र बॅटरीला जोडलं आणि त्यात यंत्राचं खरं सिम घातलं. नकाशावर ठिपके उमटू लागले. गया, डोभी, बिहारातलं औरंगाबाद. डेहरीला सोन नदीच्या पुलावर ठिपक्यांचा दाट पुंजका, मुंग्यांसारखा. मग सासाराम, मोहनिया आणि सरळ बनारस. कुठे फाटा नाही, वळण नाही.

डबा घेऊन आलेल्या गीताकाकू मागे उभ्या होत्या. "एवढं काय बघताय?"

"रामजनम खरं बोलत होता."

"मग मला काय सांगताय?" त्या डबा ठेवून म्हणाल्या.

काका तसेच उठले. गाडीतळावर नरहरने नकाशावरची रेघ पाहिली, सिमची गोष्ट ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी त्याला चारचौघांत चोर ठरवलं. तू शेजारी उभा होतास रे, रत्ना."

"होतो."

रामजनम पलीकडेच होता, दुसऱ्या मालकाची गाडी धूत. काका त्याच्यापाशी गेले आणि सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं बोलले. "तार किसी ने नहीं खींची थी. गलत सिम मैंने लगाया था. जानता था, फिर भी चुप रहा."

"वाह महाराज!" घोळक्यातून कुणी म्हणालं. "सिम भी सो गया, आप भी!"

या वेळीही सगळे हसले. काकांनी ते हसू अंगावर घेतलं.

"कल से आ जाओ," नरहर म्हणाला.

"नहीं मालिक. अब इनकी गाड़ी पकड़ लिए हैं." रामजनमने फडकं पिळलं आणि काकांकडे पाहिलं. "आप यहाँ बोल दिए, ठीक है. बाकी घर पर बाबूजी हमसे बोलते नहीं हैं. उनको के बताई?"

"मी..." काकांच्या तोंडून आधी मराठीच आली. "मैं बताऊँगा. घर कहाँ है?"

"पड़ाव. पुल के ओह पार."

रामजनमने गाडीचं दार उघडून दिलं. काका त्याच्या शेजारी बसले. त्यांनी घरी फोन लावला.

"गीता, पडावला जाऊन येतो. तू जेवून घे."