नऊ तासांचा खिमा

बजाजनगरातली नानासाहेबांची खानावळ. नाव नानासाहेबांचं, चव द्वारकाबाईची. सिल्लोडकडच्या या विधवेनं तिथं बारा वर्षं चुलीपुढं घाम गाळला, आणि कौतुक ऐकलं ते मालकानं. बोलायची ती थोडंच, पण बोलली की लागायचं.

रविवारी कारखान्यातली चाळीस पोरं खिमा-भाकरीला यायची. खिमा दुपारी चारनंतर दुकानात समोर उभं राहून करून आणायचा आणि आणला की लगेच चुलीवर चढवायचा, हा तिचा नेम. त्या एप्रिलातल्या रविवारी मात्र मालकांनी तो सकाळी सातलाच आणला. दुपारच्या झोपेतून उठून जायचा कंटाळा, दुसरं काय! फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळपर्यंत निभेल, असं तिनं बजावलं आणि सकाळचं आवरून ती घरी गेली.

चारला परतली तर पिशवी ओट्यावरच. फ्रिज विकायच्या थंड बाटल्यांनी भरलेला. वर पत्रा असा तापलेला की ओट्याला हात लावला तरी चटका बसावा. मालकांनी अक्कल चालवून खिम्याला हळद-मीठ तेवढं चोळलं होतं.

द्वारकाबाईनं पातेलं उचललंच नाही. नानासाहेबांनी पिशवी हुंगली, वास कुठं येतोय म्हणाले. मग आपलं नेहमीचं पुराण लावलं, की जत्रेत सकाळी कापलेला बोकड संध्याकाळपर्यंत झाडाला टांगलेला असतो, कोण मेलं? हा माणूस जन्मभर ताटापुढं बसला, चुलीपुढं कधी नाही. तिला त्याची कीव येण्यापेक्षा किळसच आली.

"मालक, टांगलेल्या मांडीला घाण लागली तर वरच्या वर लागते," ती म्हणाली. "खिम्यात वरचं आत जातं, सगळं एक होतं. वास येईस्तोवर लई उशीर झालेला असतो. अन् कितीबी उकळलं तरी त्यातलं समदं जहर मरत नाय."

"लई शहाणी झालीस. चाळीस पोरं येणार हायेत. शिजवायचं नसंल तर उद्यापासून येऊ नको."

पोटावरच आलं होतं. भाड्याची खोली, दुसरं काम ठाऊक नाही. तरी तिनं हात कांद्याकडं नेला नाही. ज्यांच्या डब्यात तिनं बारा वर्षं पोळ्या घातल्या, त्यांना संडासाच्या रांगेत उभं करायचं, तेही या आळशाच्या झोपेपायी?

"शिजवते," ती म्हणाली. "पण पहिलं ताट तुमचं. समद्या पोरांसमोर."

नानासाहेबांनी पिशवीकडं पाहिलं. पुन्हा हुंगली नाही.

"आज माझा उपास हाय."

"सकाळी अंडाबुर्जी मीच करून दिली की तुम्हाला."

नानासाहेब पिशवी उचलून स्वतःच मागच्या दारानं खड्डा खणायला गेले. द्वारकाबाईनं पिठल्यासाठी बेसनाचा डबा काढला.