सुलक्षणाचं दिवाळीचं पत्रक

सुलक्षणाला एका जागी बसता येत नसे. लंडनच्या पिनर भागातल्या मुरलीधरकाकांच्या वाणसामानाच्या दुकानात मी गल्ल्यावर असायचे आणि ती रॅकांमधून येरझाऱ्या घालायची. हॉस्पिटलात तिनं वीस वर्षं पेशंटना अपॉइंटमेंटची पत्रं पाठवली होती. म्हातारी माणसं बारीक अक्षरांपुढे कशी हरतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून २००६च्या दिवाळीसाठी घरपोच ऑर्डरीचं पत्रक काढायचं ठरलं, तेव्हा तिनं ते काम हिसकावूनच घेतलं.

काकांना वर पणत्यांचा फोटो हवा होता आणि त्यावरच सोनेरी अक्षरं. "फोटोवरचं वाचणार कोण?" सुलक्षणा म्हणाली. "काळी अक्षरं, पिवळसर कागद, कागदाला चकाकी नको. अठरा पॉइंटचा मोठा टाइप, एका ओळीत एकच गोष्ट." पत्रक असं झालं:

दिवाळीचा फराळ घरी मागवा.
चकली. चिवडा. अनारसे. शिवाय उटणं.
फोन करा: सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी ४.
माणूसच फोन उचलेल. मराठीत बोला.
शेवटचा दिवस: मंगळवार. गुरुवारी घरी पोचवू.

खाली नव्या फोन लाइनचा नंबर, अंगठ्याएवढ्या आकड्यांत. स्वतःच्या मोबाइलवरून तिनं तो लावून पाहिला आणि फोन खणखणला. साडेतीनशे पत्रकं गेली.

आणि फोन वाजेना. बुधवार गेला, गुरुवार गेला. तीनच फोन आले, तेही कुणाच्या मुलीचे, सुनेचे, मोबाइलवरून. सुलक्षणा दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून टोन ऐकायची. मला तर तो फोन भिंतीवर आपटावासा वाटत होता.

शुक्रवारी दुपारी काका म्हणाले, "ओल्ड पीपलना फोन-बिन नको असतो, सुलक्षणा. सोमवारपर्यंत दहा ऑर्डर्स आल्या नाहीत, तर लाइन कट करतो. नो हार्ड फीलिंग्ज."

तिचा चेहरा उतरला. ती कोट घालून थेट शशीकाकूंकडे निघाली. काकू ऐंशीच्या, एकट्या, मुलगा मिहीर परगावी, दरवर्षी चार किलो चिवडा घेणाऱ्या. मला राहवेना, म्हणून सुट्टी मागून मीही मागे गेले.

काकूंनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. दारालगतच्या फोनच्या टेबलावर पत्रक होतं आणि शेजारी वृद्धाश्रमाचा ब्रोशर.

"काकू, ऑर्डर नाही दिलीत?"

"केला होता फोन. चारदा." काकूंचा आवाज बारीक झाला. "रेकॉर्डवरची बाई म्हणते, नंबर रेकग्नाइज होत नाही. आकड्यांवर बोट ठेवून लावला, तरी तेच. आता साधा फोन जमत नाही मला. मिहीरला सांगितलं बर्मिंगहॅमला, बघ बाबा ते होम."

सुलक्षणा म्हणाली, "माझ्यासमोर लावा."

काकूंनी चष्मा चढवला आणि एकेक आकडा दाबला. सुरुवातीचे चार सोडून सात.

"पहिले चार का नाही दाबले?"

"तो कोड ना? लंडनमधल्या लंडनमध्ये कोड कशाला लावू? चाळीस वर्षांत कधी लावला नाही."

सुलक्षणानं पत्रक ओढून घेतलं. तिनं ०२०८ लिहून जागा सोडली होती. दुकानाच्या पाटीवरही तसंच होतं, सगळेच तसं लिहीत. पण २००० साली नंबर बदलले तेव्हापासून लंडनचा कोड केवळ ०२०, आणि तो आठ पुढच्या नंबराचा. तो गळला की नंबर अपुरा. मोबाइलवाले सगळे आकडे लावतात, त्यांचं काही अडत नाही. नेमानं कोड वगळणारी जुनी माणसंच तेवढी अडकली होती.

मला सुलक्षणाचा राग आला, माझाही आला. आम्ही दोघींनी ते पत्रक दहा वेळा वाचलं होतं.

"काकू," ती उंबऱ्यावरच बसून म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्ही अगदी बरोबर लावला होतात. आता आठपासून लावा."

काकूंनी आठ आकडे लावले. पलीकडे मुरलीधरकाकांचा आवाज: "हॅलो, दिवाळी ऑर्डर लाइन!" काकू गडबडल्या, मग ताठ होऊन म्हणाल्या, "चार किलो चिवडा. गोड कमी."

फोन ठेवून त्या रडल्या. सुलक्षणाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शनिवार-रविवार आम्ही दारोदार हिंडलो. प्रत्येक पत्रकावर जाड काळ्या मार्करनं ०२० नंतर रेघ मारून आठ पुढच्या आकड्यांना जोडला आणि खाली लिहिलं: लंडनमधून आठपासून लावा. सोमवारी अकराच्या आत बारा ऑर्डरी आल्या. काका लाइन बंद करायचं विसरूनच गेले.

पण शुक्रवारी निघताना काकूंनी सुलक्षणाला दारातच थांबवलं होतं. हातात कोरा कागद आणि पेन देऊन म्हणाल्या, "हे मला लिहून दे. मोठ्या अक्षरांत. मिहीरला दाखवायचंय."

सुलक्षणानं भिंतीवर कागद टेकवून लिहिलं: शशीकाकूंनी फोन बरोबर लावला होता. चूक दुकानाची. खाली सही केली.

काकूंनी तो कागद ब्रोशरवर ठेवला आणि आम्हाला चहाला आत बोलावलं.