बारवेच्या पायऱ्यांची सिफारिश

निजामाच्या राज्यात भालकीच्या बाजूला एका कसब्यात मी कमिटीचा कारकून होतो. कमिटी म्हणजे गावाच्या रस्त्या-पाण्याचं बघणारं मंडळ. अध्यक्ष तहसीलदार, सदस्य गावातले प्रतिष्ठित, आणि एका कोपऱ्यात उर्दूत रूदाद लिहीत बसलेला मी. रूदाद म्हणजे सभेचा वृत्तांत. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू, असं आमचं सगळ्यांचंच चालायचं.

त्या काळी उन्हाळ्यात गावात नारू निघायचा. पायावर फोड यायचा, तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला. पेरणीच्या तोंडावर घरटी एक तरी असा पडलेला असायचा.

त्या वर्षी सरकारी दवाखान्यात एक नवे डॉक्टर आले. तेलंगणाकडचे होते, दखनी बोलायचे. त्यांनी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं आणि मला भिंग दिलं. पाण्यात तिळाएवढेसुद्धा नसलेले जीव टणाटण उडत होते. नारूचा माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, त्याच्या फोडातून पिल्लं पाण्यात पडतात, त्या पिल्लांना हे जीव गिळतात आणि पाण्याबरोबर हे जीव आपण पितो, असं त्यांनी समजावलं. प्यायल्यापासून जंत बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी लहानपणापासून तेच पाणी पीत आलो होतो.

डॉक्टरांच्या आग्रहावरून कमिटीने पाण्यासाठी पोटसमिती नेमली. डॉक्टर तिचे अध्यक्ष, सोबत एक वकील आणि एक आडत दुकानदार. नेमणुकीच्या ठरावात लिहिलं होतं की बारवेत चुना टाकणं, गाळ काढणं आणि दवंडी पिटणं एवढ्याचा निर्णय पोटसमितीने स्वतः घ्यावा. बाकी प्रत्येक बाबतीत तिने फक्त सिफारिश करावी, फैसला कमिटी करील.

चैत्रात दवाखान्याच्या ओसरीवर तिची बैठक झाली. डॉक्टर म्हणाले की चुन्याने चार दिवस भागेल, पण माणसं पाण्यात उतरणं थांबलंच पाहिजे. पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात, वर कठडा आणि रहाट बसवावा. तिघांचंही एकमत झालं. मी लिहायला घेतलं. ‘फैसला’ या मथळ्याखाली चुना, गाळ आणि पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यायची दवंडी. ‘सिफारिश’ या मथळ्याखाली पायऱ्या आणि रहाट.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि बोट ठेवलं. “हे इथे कामून लिहिलं? आपलं तर ठरलं.”

त्यांच्या तोंडी आमचं ‘कामून’ ऐकून मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. मी म्हणालो, “साहेब, ठरलं ते आपलं मत. पायऱ्या बंद करायचा अख्त्यार आपल्याला नाही.”

“फैसला लिखो,” ते म्हणाले. “मी उद्याच गवंडी लावतो.”

वकिलांनी मान हलवली. “पायऱ्यांवरून रोज पाणी नेणारे उद्याच अर्ज देतील. अख्त्याराबाहेरचा फैसला म्हणून तो रद्द होईल, आणि आपल्यावरचा भरवसाही जाईल. पोरगं बरोबर लिहायलंय.”

मी तेव्हा तिशीचा होतो, तरी त्यांना पोरगंच. डॉक्टरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. मी बरोबर होतो. आजही मला वाटतं, मी बरोबर होतो.

माझी थोरली बहीण बारवेच्या अंगालाच राहायची. तिचे मालक माग चालवायचे. मी तिला सांगितलं, “अक्का, पायऱ्या बंद व्हायल्यात. तोवर पाणी गाळून पी.”

“कधी बंद व्हायल्यात?”

“कमिटी बसली की.”

“कमिटी कधी बसायली?”

“तहसीलदार तारीख देतील तेव्हा.”

ठरलेल्या दिवशी तहसीलदार दौऱ्यावर होते. पुढच्या तारखेला सदस्यांची गणसंख्या भरली नाही. दोन्ही वेळा मी रूदाद काखेत मारून परत आलो. बारवेचं पाणी रोज खाली जात होतं आणि माणसं एकेक पायरी आणखी उतरत होती. मी वरून बघायचो. फोडांचे पाय पाण्यात बुडताना दिसायचे. एकदा मी एका म्हाताऱ्याला थांबवलं. तो शांतपणे म्हणाला, “पाय जळायलाय बापा, गार पाण्यात बरं वाटतंय.” त्याला अडवायचाही अख्त्यार मला नव्हता.

ज्येष्ठात अखेर सभा झाली. मी पोटसमितीची रूदाद वाचून दाखवली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून सांगितलं, “मुलाहिजा झाला. लिहा.” म्हणजे कमिटीने ती पाहिली, एवढंच. चुना आणि दवंडीला तेवढं पुरत होतं, त्याचा निर्णय आधीच झालेला होता. पण सिफारिश नुसती पाहून मंजूर होत नाही, तिच्यावर कमिटीचा वेगळा ठराव लागतो.

मी उभा राहिलो. “हुजूर, पायऱ्यांच्या सिफारिशीवर ठराव?”

“पुढच्या बैठकीत. पाऊस तोंडावर आलाय, आता बांधकाम कसलं?”

डॉक्टर बोलायला उठले होते, तोवर सभा संपल्याचं जाहीर झालं. मला रूदाद लिहिणं भाग होतं. मी लिहिलं: रूदाद मुलाहिज्यात आली. सिफारिशीचा विचार पुढील बैठकीत. माझं अक्षर चांगलं होतं, त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

कार्तिकात ठराव झाला. दिवाळीनंतर भिंत उभी राहिली आणि रहाट बसला. गावाला आनंद झाला, डॉक्टरांना हार घातले गेले. ते हार त्यांनी लगेच काढून ठेवले. मला बाजूला म्हणाले, “पुढचा चैत्र येऊ द्या.”

तो आला. जे मागच्या उन्हाळ्यात बारवेचं पाणी प्यायले होते, त्यांचे फोड आता येऊ लागले. रहाटाचं स्वच्छ पाणी पिणाऱ्या माणसांच्या पायांतून मागच्या वर्षीचे जंत निघत होते. लोक म्हणू लागले की भिंतीने बारवेतली देवी कोपली.

अक्काच्या घोट्याला तिसऱ्या आठवड्यात फोड आला. मागच्या उन्हाळ्यात घरी ती पाणी गाळायची, पण बारवेवर घागर भरताना तहान लागली की ओंजळीने प्यायची. तिचा जंत ओढताना तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचो.

एके दिवशी तिने विचारलं, “तू लिहिलं होतंस न्हवं, पायऱ्या बंद करा म्हणून?”

“व्हय.”

“मग तवाच कामून केल्या न्हाईत?”

मी तिला सिफारिश आणि फैसला यांतला फरक सांगितला. एक सांगतो, दुसरा करतो, आणि मी ते दोन्ही वेगवेगळं लिहितो. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू दोन्हीतला न्हाईस की मग.” तिने ते दोष म्हणून म्हटलं नव्हतं. तिला फक्त समजलं होतं.

तिचा घोटा कायमचा आखडला. डॉक्टरांची बदली झाली, वकील वारले. मी त्यानंतरही बरीच वर्षं रूदाद लिहिली, आणि दोन्ही मथळे तसेच वेगळे ठेवले. एकत्र करण्याची इच्छा अनेकदा झाली, पण एकदाही केले नाहीत. अक्का काठी टेकत रहाटावर जायची. शेजारणी तिची घागर भरून द्यायच्या.