गुणाकार तोच

आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, बत्तीस वर्षं एका कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर बसते आहे. मी तिथेच नोकरीला लागलो आणि सवयीनं ‘आत्या’ म्हणालो. आठवड्यात मालकही तिला आत्या म्हणायला लागले. मालक तिच्याहून चार वर्षांनी मोठे. तो राग तिनं अजून माझ्यावर धरलाय.

पंपांची थरथर मोजणारे बोर्ड आम्ही बनवतो, एका बोर्डावर चार पंप. एकच कन्व्हर्टर चौघांची थरथर पाळीपाळीनं वाचून तिचे आकडे करतो; त्याच्या चार तोंडांशी प्रत्येकी एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. फार वेगवान थरथर तिथेच अडवायची, नाहीतर ती आकड्यांत भलतंच रूप घेऊन शिरते. यंदा दहा नॅनोचे, म्हणजे दहा हजार पिकोचे, कपॅसिटर बाजारातून गायब झाले.

“शंभर पिको घाला,” स्टोअरवाला म्हणाला, “आणि रेझिस्टर एक केऐवजी शंभर के.”

आत्यानं तोंडी हिशोब केला. “गुणाकार तोच. अडवणूक तीच.” सही ठोकली.

टेस्टला चारही तोंडांना एकच व्होल्टेज द्यायचं, ही तिची जुनी पद्धत. आकडे चोख आले. ओल लागू नये म्हणून बोर्डांवर रेझिन ओतलं, अकरा बोर्ड पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेले.

महिन्याभरानं पंपचालकाचा फोन. “ताई, एक नंबर थरथरला की दोन नंबर बोंबलतो.”

आत्यानं शिल्लक बोर्ड लावला. चोख! मी गंमत म्हणून एका तोंडाला एक व्होल्ट आणि शेजारच्याला तीन दिले. एकच्या जागी एक पूर्णांक अठ्ठावीस.

आत्यानं पुन्हा तोंडी हिशोब केला.

“कन्व्हर्टरच्या पोटातला वीस पिकोचा कपॅसिटर शेजाऱ्याचा चार्ज घेऊनच पुढच्या दारी येतो आणि तिथे ओततो. दहा नॅनोच्या हौदाला तो थेंब. शंभर पिकोची ही वाटी! ती शंभर केमधून जागेवर येईतो कन्व्हर्टर वाचून पुढे गेलेला असतो.”

“आणि टेस्टमध्ये?”

“सगळीकडे एकच व्होल्टेज. ओतायला होतंच काय?”

“प्रोग्राममध्ये त्याला थांबवू जरा.”

“वाटी भरेपर्यंत थांबलास तर नमुने विरळ होतील, मग तीच वेगवान थरथर आत शिरेल. जा, शहाण्या, रेझिन काढून भाग बदलता येतात का बघ.”

गरम हवेनं काढलं. रेझिनबरोबर अर्धा बोर्डही निघाला.

दहा नॅनोचे कपॅसिटर मिळवून नवे बोर्ड बनायला सहा आठवडे. आत्यानं पंपचालकाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, “सही माझी होती,” हेसुद्धा.

“चूक राहू दे, ताई. पडद्यावर दोन नंबरच्या चौकटीत आत्ता लाल दिवा आहे. खरा की शेजाऱ्याचा? बंद केला तर अर्ध्या गावाचं पाणी जातं.”

“नाही सांगता येत, भाऊ.”

“आणि जे हिरवे आहेत?”

“तेही नाही.”

“मग?”

“हात लावून बघा.”

“चव्वेचाळीस पंप आहेत, ताई.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग लांब जाणारी पावलं. आत्या फोन कानाशी धरून बसून राहिली.