समितीच्या रजिस्टरातली सही

सडक अर्जुनीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. त्या वर्षांत पोलीस आणि नक्षलवादी यांच्यात जंगलात गोळीबार व्हायचा आणि गावातला माणूस दोघांनाही घाबरून असायचा.

तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, हिशेब ठेवणारा मुनशी असलेल्या एकाला पोलिसांनी उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने स्थानबद्ध करून त्याला नागपूरच्या तुरुंगात ठेवलं. पाचव्या दिवशी त्याला कारणांचा कागद मिळाला. त्याची नक्कल घेऊन बायको माझ्याकडे आली.

"वाचून सांगा, गुरुजी."

कारण एकच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो जंगलात नक्षलवाद्यांच्या बैठकीला होता म्हणे. मी वाचता वाचता थांबलो. त्या दुपारी तो माझ्या शाळेत होता. शिक्षण समितीच्या सभेत शाळेच्या छपरावरच्या फुटक्या कवेलूंवरून माझ्याशी तावातावाने भांडला होता, आणि मग रजिस्टरात सही करून गेला होता.

तिलाही ते ठाऊक होतं. "त्यायले ठेवावं का सोडावं, यावर सात आठवड्यांत सल्लागार मंडळाले मत द्या लागते, असं वकील सांगून राहिला. तिथं वकील चालत नाही. पण साक्षीले माणूस नेता येते. तुमी चाला."

"मला रजा नाही मिळणार," मी म्हणालो.

"मंग रजिस्टरचं झेरॉक्स तरी द्या."

"रजिस्टर तपासणीला तालुक्याला गेलंय."

रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. ती कपाटाकडे बघत राहिली. "काऊन भिऊन राहिले, गुरुजी?" एवढंच विचारून गेली.

मंडळापुढे तो एकटाच बसला. सभेचं त्याने सांगितलं, पण कागद कुठे होता? स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे, असं मंडळाने मत दिलं आणि सरकारने आदेश बारा महिन्यांसाठी कायम केला.

पाच महिन्यांनी माझी बदली मुर्रीला झाली. जंगल लांब राहिलं, तेव्हा मला धीर आला, हे लिहितानाही मान वर होत नाही. निघण्याआधी मी रजिस्टरातल्या त्या सभेच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली होती. ती माझ्या लेखी जबाबासोबत वकिलाकडे पाठवली. त्याने सरकारकडे नवं निवेदन केलं, कारण आदेश मागे घ्यायचा अधिकार सरकारला केव्हाही असतो. आठव्या महिन्यात आदेश मागे घेतला गेला. त्या एका पानावर तो सुटला.

सुटल्यावर तो मुर्रीला मला शोधत आला. खूप वाळला होता. माझ्या पाया पडायला वाकला.

"तुमच्यामुळं सुटलो, गुरुजी."

बायकोने त्याला काही सांगितलं नव्हतं की सांगूनही तो तसं म्हणाला, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी त्याला उठवलं, चहा दिला, आणि ते आभार ठेवून घेतले.