सगळ्यांना एकच लिंक

अचलपूरच्या एका संत्रा रोपवाटिकेचं ऑनलाइन काम गीतांजली ढोके पाहायची. या हंगामात तिने वेबसाइटच्या लिंकला दोन वेगळ्या खुणा जोडल्या. एक मालकाच्या जावयाच्या इन्स्टाग्राम रीलसाठी, दुसरी रोपवाटिकेत काम करणाऱ्या पुष्पाताईंच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजसाठी. प्रत्येक ऑर्डरसोबत ती खूण नोंदली जायची, म्हणून गिऱ्हाईक कुठून आलं ते कळायचं. पुष्पाताई शेतकऱ्यांच्या शंकांना एकेक करून उत्तरं द्यायच्या. रील गाजल्यावर मालक देवानंदभाऊंनी त्यांना कामावरून कमी केलं.

हंगामाअखेर गीतांजलीने आकडे समोर ठेवले. रीलवरून चौदाशे क्लिक आणि तीन ऑर्डरी. व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्वद क्लिक आणि सत्तावीस ऑर्डरी.

"भाऊ, पुष्पाताईले परत बोलवा."

देवानंदभाऊंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "जवायाले कसं सांगू मी हे? पुढच्या वेळी सगळ्याइले एकच लिंक दे."

"मंग गिऱ्हाईक कोण आणते, ते कसं समजन?"

"समजून का करतं?"

तिने एकच लिंक बनवली. पुष्पाताईंना कोणी परत बोलावलं नाही. पुढच्या हंगामात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. "यंदा बाजारच थंडा आहे," जावई म्हणाला. गीतांजलीला कारण ठाऊक होतं, पण दाखवायला आता तिच्याकडे काहीच नव्हतं.